चलन भरलं, पावती आली, तरी पीएफ पेएबल शून्यावर येत नाही

ठाण्याहून ट्रान्स-हार्बरने रबाळ्याला उतरून एमआयडीसीतल्या एका फॅब्रिकेशन वर्कशॉपमध्ये मी आठवड्यातून दोन दिवस हिशेब लिहायला जाते. तिथे 2024-25 चं खातं बंद करताना जो घोळ सापडला, तोच मी आधी वागळे इस्टेटमधल्या दोन ठिकाणी पाहिला होता. पगाराचं काम अर्धवेळ माणसाकडे आणि चलन भरण्याचं काम पीएफ कन्सल्टंटकडे, अशी वाटणी असलेल्या जवळपास प्रत्येक ऑफिसात तो निघतो, म्हणून सविस्तर लिहिते.

लक्षण साधं आहे. दर महिन्याच्या 15 तारखेच्या आत पीएफचं चलन भरलेलं असतं, बँकेतून तेवढेच पैसे गेलेले असतात. म्हणजे भरणा झाल्यावर आणि पुढच्या पगाराची एंट्री पडायच्या आधी, समजा 20 तारखेला, पीएफ पेएबलचं खातं कोरं दिसायला हवं. ते दिसत नाही. थोडी डेबिट बाकी राहते आणि दर महिन्याला ती वाढत जाते. देणं असलेल्या खात्याला डेबिट बाकी याचा अर्थ सरळ आहे: जेवढं देणं आपण लिहिलं, त्यापेक्षा जास्त भरलं. चलन तर पोर्टलने काढलेलं, ते चुकीचं असण्याची शक्यता कमी. चूक आपल्या लिहिण्यात शोधायची.

आमच्याकडे मात्र ही डेबिट बाकी कोणाच्या नजरेला पडत नव्हती, कारण शेठ आणि सीएसाहेब दोघंही खातं बघायचे ते महिन्याच्या 31 तारखेला. त्या दिवशी नव्या पगाराची एंट्री पडून खातं पुन्हा क्रेडिटला गेलेलं असतं. 31 मार्च 2025 ला बाकी होती 34,840 रुपये क्रेडिट. दिसायला अगदी शहाणी बाकी.

आता पगारपत्रक सांगते, म्हणजे हा आकडा किती फसवा आहे ते कळेल. माणसं वीस. सोळा कामगार, प्रत्येकाचा एकूण पगार 18,500, त्यात मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून 13,000. चार स्टाफ, प्रत्येकी 32,000, आणि त्यांचा पीएफ 15,000 च्या मर्यादेवरच कापला जातो. वर्षभरात ना कोणी आलं, ना कोणी गेलं, ना पगार हलले. शेठच्या भाषेत 'वर्ष कोरडं गेलं'. हिशेबाच्या दृष्टीने ही चैनच, कारण दर महिन्याचे आकडे सारखे.

एकूण पगार झाला 4,24,000. पीएफ ज्यावर लागतो ते वेतन 2,68,000, म्हणजे कामगारांचे 2,08,000 आणि स्टाफचे 60,000. त्याचे 12 टक्के, 32,160, कामगारांच्या पगारातून कापले जातात. मालकाकडूनही 12 टक्के, तेही 32,160. आमच्या पगारपत्रकात पीएफसाठी हे दोनच रकाने होते. दोन्हींची बेरीज 64,320, आणि दर महिन्याला पीएफ पेएबलला एवढीच रक्कम क्रेडिट व्हायची.

चलन निघायचं 67,000 चं.

सीएसाहेबांच्या ऑफिसातल्या आर्टिकलने, म्हणजे तिथे शिकत असलेल्या उमेदवाराने, मार्चअखेरची बाकी पाहिली आणि अर्ध्या तासात निदान केलं. मार्चचं देणं 67,000 असायला हवं, खात्यात 34,840 आहेत, फरक 32,160. आणि 32,160 म्हणजे बरोब्बर कामगारांच्या वाट्याचा एका महिन्याचा पीएफ! "मॅडम, मार्चची कामगारांची कपात लिहायची राहिली," तो म्हणाला, आणि त्याने एंट्रीही लिहून पाठवली: पगार खर्च डेबिट, पीएफ पेएबल क्रेडिट, 32,160.

मी मार्चची एंट्री उघडून पाहिली. कपात लिहिलेली होती.

तरी आकडा रुपयाला रुपया जुळतो म्हटल्यावर माणूस चक्रावतोच. मला हे उमगायला एक अख्खी दुपार लागली. महिन्याला कमी पडत होते 2,680, म्हणजे 2,68,000 चा 1 टक्का. वर्षाचे बारा महिने. बारा वेळा 1 टक्का म्हणजे 12 टक्के, आणि कामगारांची कपातही 12 टक्केच. पगार वर्षभर न हलल्यामुळे वर्षभराची गळती एका महिन्याच्या कपातीएवढी झाली होती. निव्वळ योगायोग, पण असा की दोन हुशार माणसं त्याला पुरावा समजतील. मग मागच्या वर्षाची फाइल काढली. तिथेही 31 मार्चला 'पीएफ फरक' अशा शेऱ्याची एंट्री होती, तीही पगार खर्चात टाकलेली. म्हणजे दर मार्चला कोणीतरी हा खड्डा बुजवत होतं आणि एप्रिलपासून तो पुन्हा पडत होता.

हा 1 टक्का कुठला

चलन एका रकमेचं दिसत असलं तरी आत खाती वेगवेगळी असतात. आमच्या मार्चच्या चलनात खाते 1 ला, म्हणजे प्रत्यक्ष भविष्य निर्वाह निधीला, 41,992 होते. खाते 10 ला, म्हणजे पेन्शनला, 22,328. या दोन्हींची बेरीज 64,320, आपले दोन बारा टक्के. पेन्शनचे पैसे कामगाराच्या कपातीतून जात नाहीत. मालकाच्या 12 टक्क्यांपैकी 8.33 टक्के तिकडे वळतात, तेही जास्तीत जास्त 15,000 च्या वेतनावर, आणि उरलेले खाते 1 ला. ही वाटणी कशीही झाली तरी बेरीज हलत नाही, त्यामुळे आपल्या फरकाशी पेन्शनचा संबंध नाही. लोक उगाच तिथेच सगळ्यात जास्त वेळ घालवतात.

फरक येतो तो खाली छोट्या आकड्यांत असलेल्या दोन ओळींमुळे. खाते 2, प्रशासन शुल्क, वेतनाच्या 0.5 टक्के: 1,340. खाते 21, कामगारांच्या ठेवीशी जोडलेल्या विम्याचं, म्हणजे ईडीएलआयचं, तेही 0.5 टक्के: 1,340. खाते 22 शून्य असतं. दोन्ही मिळून 2,680. हे दोन्ही खर्च मालकाचे. कामगाराच्या पगारपत्रकात ते येतच नाहीत, म्हणूनच पगारपत्रकावरून एंट्री करणाऱ्याच्या हातून निसटतात. चलन भरणाऱ्याला मात्र एकच रक्कम दिसते आणि तो ती पूर्ण पीएफ पेएबलला डेबिट करतो.

शेठना सांगितलं तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न: "मग हे पण कापून घ्यायचे का पगारातून?" नाही. मालकाचा वाटा आणि हे शुल्क कामगाराच्या वेतनातून वळतं करायला कायद्याने मनाई आहे.

तुमच्याकडे माणसं कमी असतील तर फरक नेमका 1 टक्का येणार नाही. प्रशासन शुल्काला महिन्याला किमान 500 रुपयांची अट आहे. पीएफचं वेतन 1 लाखाच्या खाली असेल तर 0.5 टक्के कितीही येवोत, चलनात 500 च लागतात. ऐंशी हजार वेतनावर 400 ऐवजी 500, आणि विम्याचे 400. फरक 900 येतो, तो 1 टक्क्याच्या हिशेबात बसत नाही आणि माणूस भलतीकडेच शोधत राहतो.

फरक शोधायचा कसा

अखेरची बाकी बघून निदान करू नका. आमचा आर्टिकल तिथेच फसला. प्रत्येक महिन्याची क्रेडिट आणि तिच्यासमोर पुढच्या महिन्यातलं चलन, अशा जोड्या लावा. टॅलीत पीएफ पेएबलला बिलवार बाकी ठेवण्याची सोय चालू करून प्रत्येक क्रेडिटला 'पीएफ मार्च 25' असं नाव दिलं आणि चलन भरताना त्याच नावासमोर वळतं केलं, तर ही जोडी आपोआप लागते आणि उरलेला तुकडा कोणत्या महिन्याचा ते लगेच दिसतं.

जोड्या लावल्यावर फरकाचा आकारच बरंच सांगून जातो. दर महिन्याला वेतनाच्या 1 टक्क्याएवढाच असेल तर वर सांगितलेलं प्रकरण. एखाद्याच महिन्यात एका माणसाच्या वर्गणीएवढा असेल, आमच्याकडे म्हणजे 13,000 च्या 25 टक्के, 3,250 च्या पटीत, तर पगारपत्रकातली आणि ईसीआरमधली, म्हणजे पोर्टलवर चढवलेल्या पीएफच्या मासिक यादीतली, माणसं वेगळी आहेत. नवा कामगार पगारात आला पण त्याचा यूएएन, म्हणजे पीएफचा क्रमांक, तयार नव्हता म्हणून ईसीआरमध्ये राहून गेला, हे नेहमीचं. त्या वेळी क्रेडिट बाकी राहते आणि ती खरी असते, ते देणं अजून भरायचं आहे. ती 'फरक' म्हणून खर्चात वळवली तर कामगाराचे कापलेले पैसेच आपण गिळल्यासारखं होतं. आणि एखाद्या महिन्यात विचित्र आकडा आला, तर चलन उशिरा भरलं होतं का पाहा. उशिराच्या दिवसांवर वर्षाला 12 टक्के दराने व्याज लागतं आणि दंड वेगळा. ही रक्कम पीएफ पेएबलला न टाकता व्याज आणि दंडाच्या खर्चात दाखवायची.

एंट्री कशी असावी

आता मी 31 तारखेला एकच जर्नल टाकते. मार्चचं हे असं:

```
डेबिट  पगार खर्च (एकूण)             4,24,000
डेबिट  मालकाचा पीएफ वाटा              32,160
डेबिट  ईडीएलआय व प्रशासन शुल्क         2,680
डेबिट  मालकाचा ईएसआयसी वाटा            9,620
  क्रेडिट  पीएफ पेएबल - कामगार        32,160
  क्रेडिट  पीएफ पेएबल - मालक          34,840
  क्रेडिट  ईएसआयसी पेएबल              11,844
  क्रेडिट  व्यवसाय कर पेएबल            2,800
  क्रेडिट  कामगार उचल                  6,000
  क्रेडिट  पगार पेएबल (निव्वळ)       3,80,816
```

दोन्ही बाजू 4,68,460. यात उचलीचे 6,000 हे नवं देणं नाही, आधी दिलेल्या पैशांची वसुली आहे. ते वगळले की महिनाअखेरीला खरोखर द्यायचे उरतात 4,62,460. मार्चच्या ताळेबंदात पगारापोटी एवढंच देणं दिसलं पाहिजे. पुढच्या महिन्यात निव्वळ पगार वाटला, चलनं भरली, तर त्या एंट्र्यांमध्ये फक्त देणं डेबिट आणि बँक क्रेडिट. खर्चाच्या खात्याला तेव्हा हात लावायचा नाही. बँकेचं स्टेटमेंट समोर ठेवून चलनाच्या दिवशी 'पीएफ खर्च' लिहिणारे अजून भेटतात. त्यांचा मार्चचा खर्च एप्रिलमध्ये जातो आणि ताळेबंदात देणं दिसतच नाही.

पीएफ पेएबलचे मी दोन तुकडे केलेत, कारण 2024-25 च्या आयकरात दोन्हींची गत वेगळी होती. त्या वर्षाच्या नियमाने कामगारांकडून कापलेले पैसे पीएफच्या मुदतीत भरले नाहीत तर त्या रकमेची वजावट कायमची जायची. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2022 मध्ये चेकमेट सर्व्हिसेसच्या प्रकरणात यावर शिक्कामोर्तब केलं. मालकाचा वाटा उशिरा गेला तरी विवरणपत्र भरण्याच्या मुदतीआधी भरलेला असेल तर वजावट मिळते. टॅक्स ऑडिटच्या 3सीडी अहवालात कलम 20(ब) मध्ये कामगारांकडून घेतलेल्या रकमा महिन्यागणिक, मुदतीची आणि भरल्याची तारीख घालून द्याव्या लागतात. खातं एकच असेल तर हा तक्ता भरताना पुन्हा बारा चलनं फोडत बसावं लागतं. आर्टिकलची एंट्री मान्य केली असती तर कामगारांच्या कपातीत न कापलेले 32,160 जास्त दिसले असते आणि पगार खर्च पगारपत्रकाशी जुळला नसता. ताळेबंदातली बाकी मात्र 67,000, बरोबर आली असती. म्हणूनच ही चूक वर्षानुवर्षं टिकते.

दुरुस्ती म्हणून मी 31 मार्चला ईडीएलआय व प्रशासन शुल्क 32,160 डेबिट केलं आणि पीएफ पेएबल तेवढंच क्रेडिट. रक्कम आर्टिकलचीच, फक्त खर्चाचं खातं वेगळं. सगळं त्याच आर्थिक वर्षातलं असल्याने मागच्या वर्षांना हात लावायची वेळ आली नाही.

ईएसआयसीचे चार रुपये

याच फाइलमध्ये ईएसआयसी पेएबलला वर्षाअखेर 48 रुपयांचा फरक होता. कोणी म्हणेल, अठ्ठेचाळीस रुपयांसाठी कोण डोकं लावतं? मी लावते, कारण दर महिन्याला न चुकता येणारा फरक कितीही लहान असला तरी त्यामागे सूत्र चुकलेलं असतं.

कामगाराची ईएसआयसी कपात 0.75 टक्के. 18,500 वर ती येते 138 रुपये 75 पैसे. पत्रकात सोळा जणांचं एकूण वेतन 2,96,000 घेऊन त्याचे 0.75 टक्के, 2,220 काढले होते. ईएसआयसीत मात्र प्रत्येक माणसाची कपात पुढच्या पूर्ण रुपयाला चढवतात. एकेकाचे 139, सोळा जणांचे 2,224. मालकाचे 3.25 टक्के एकूण वेतनावर निघतात, ते 9,620, त्यात फरक नव्हता. एक्सेलच्या पत्रकात दर माणसाच्या ओळीला हे सूत्र घातलं आणि विषय संपला:

```
=ROUNDUP(E5*0.75%,0)
```

मागचे 48 रुपये कंपनीच्या खर्चात गेले. ते आता कामगारांच्या पुढच्या पगारातून कापता येत नाहीत, ज्या महिन्याची वर्गणी त्याच महिन्याच्या वेतनातून कापायची असा नियम आहे. फरक चार-पाच रुपयांऐवजी शेकड्यांत असेल, तर ईएसआयसीची 21,000 ची पगारमर्यादा ओलांडलेला माणूस शोधा. एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असे वर्गणीचे दोन कालखंड असतात. मधेच पगारवाढ होऊन कोणी 21,000 च्या वर गेला तरी तो कालखंड संपेपर्यंत त्याची वर्गणी चालूच राहते. पगारपत्रकाने त्याला लगेच वगळलेलं असतं, चलनात तो असतो.

जिथे बाकी असणंच बरोबर आहे

दुरुस्तीच्या उत्साहात लोक चांगली खातीही शून्य करून टाकतात. व्यवसाय कराचं खातं आमच्याकडे अकरा महिने फुगत जातं आणि तसंच ते असायला हवं. ज्यांचा मागच्या वर्षीचा कर 1 लाखाच्या आत आहे त्यांना वर्षातून एकदाच, 31 मार्चपर्यंत, मार्च ते फेब्रुवारीच्या पगारावरचा कर भरायचा असतो. आमच्या वीसपैकी सहा कामगार बायका आहेत आणि महाराष्ट्रात 25,000 पर्यंत पगार असलेल्या स्त्रियांना हा कर नाही. उरले चौदा जण, 200 रुपयांप्रमाणे महिन्याला 2,800. फेब्रुवारीत मात्र 300 रुपयांप्रमाणे 4,200. म्हणजे फेब्रुवारीअखेर बाकी 35,000, मार्चमध्ये ती भरायची, आणि 31 मार्चला फक्त मार्चच्या पगाराचे 2,800 उरतात. फेब्रुवारीचे जास्तीचे 100 रुपये कापायला विसरलात तर इथे 1,400 ची डेबिट बाकी येईल. ते एका नजरेत ओळखता येतं.

पगार पेएबलचंही तसंच. एप्रिलमध्ये पगार वाटून झाल्यावर त्यात 16,601 रुपये उरले होते. 18,500 मधून पीएफचे 1,560, ईएसआयसीचे 139 आणि व्यवसाय कराचे 200 गेले की हाच आकडा येतो, म्हणजे उचल नसलेल्या एका पुरुष कामगाराचा अख्खा पगार. चौकशी केली तर केवायसीअभावी त्याचं खातं बँकेने गोठवलं होतं आणि पैसे परत आले होते. ऑफिसातल्या ताईंनी परत आलेली रक्कम 'इतर उत्पन्न' मध्ये टाकायला घेतलीच होती. ते पैसे त्याचे आहेत, मिळेपर्यंत देणंच राहतात. तीन वर्षं कोणी मागितले नाहीत तरी ते मालकाचे होत नाहीत, कामगार कल्याण मंडळाकडे भरावे लागतात.

तो कामगार 11 एप्रिलला नवं पासबुक घेऊन आला. 15 तारखेच्या आत चलनं गेली. 20 एप्रिलला मी खाती उघडली: पीएफ पेएबल, दोन्ही तुकडे, शून्य. ईएसआयसी शून्य. पगार पेएबल शून्य. व्यवसाय कर 2,800 क्रेडिट.